आनंदमेळ्यातील स्टॉल : दोन तासांच्या रांगेचे गणित

दिवाळी सरते, थंडी अंगाला जाणवू लागते, आणि इंदूरच्या मैदानांवर व मंगल कार्यालयांच्या आवारांत मंडप उभे राहू लागतात. कुठे गृहोद्योगाचे प्रदर्शन असते, कुठे महिला मंडळाचा आनंदमेळा, कुठे एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त तीन दिवसांची जत्रा. साड्या, पापड-लोणची, आकाशकंदील यांच्या ओळी संपल्या की शेवटी खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात, आणि गर्दी खरी तिथेच असते. ती गर्दी पाहून अनेक भगिनींच्या मनात येते, की आपल्या हातची मिसळ घरी येणारा-जाणारा वाखाणतो, मग आपणही एक स्टॉल का घेऊ नये?

गेल्या काही हिवाळ्यांपासून आम्ही एकाच गल्लीतल्या चौघीजणी मिळून असा स्टॉल लावतो. या व्यवहाराची जी बाजू आम्हांला महत्त्वाची वाटते, ती येथे सविस्तर सांगावी असा विचार आहे. ती बाजू चवीची नव्हे. चव तर हवीच. ती नसेल तर पुढचे सारे व्यर्थ आहे. परंतु उत्तम चवीचा स्टॉलही तोट्यात जाताना आम्ही पाहिला आहे, आणि बेताच्या चवीचा स्टॉल नफ्यात गेलेलाही. दोहोंतला फरक एकाच गोष्टीने पडतो: संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांत समोरची रांग किती वेगाने पुढे सरकते. भाडे किती द्यावे, पदार्थ कोणते ठेवावेत, किमती कशा लावाव्यात, गल्ल्यावर कोणी बसावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या दोन तासांतूनच निघतात.

भाडे आणि त्यामागचा हिशेब

उदाहरणादाखल एकाच प्रदर्शनाचा हिशेब घेऊ. प्रदर्शन शुक्रवार ते रविवार, दुपारी चार ते रात्री दहा. दहा फूट लांब व तेवढ्याच रुंद स्टॉलचे भाडे तीन दिवसांस ७,५०० रुपये; कोपऱ्यावरचा स्टॉल हवा असल्यास १,५०० रुपये अधिक. म्हणजे आमचे भाडे झाले ९,००० रुपये. त्याखेरीज २,००० रुपये अनामत, जी जागा स्वच्छ करून दिल्यावर परत मिळते. भाड्यात दोन टेबले, दोन खुर्च्या व एक दिवा एवढेच येते. जादा वीजजोडणीचे ५०० रुपये, गॅसचे २,५००, सामान नेण्या-आणण्याच्या टेम्पोचे १,८००, दोन मदतनिसांच्या तीन दिवसांच्या मजुरीचे ३,६०० आणि फलक, टोकने, पुसणी वगैरे किरकोळ खर्चाचे ६००. अनामत वगळता बेरीज १८,००० रुपये होते. हा खर्च एक बशी विकली काय किंवा हजार विकल्या काय, तेवढाच राहतो.

आता बशीमागे काय सुटते ते पाहू. मिसळ दोन पावांसह ८० रुपये. तिला सामान, द्रोण व चमचा धरून ३२ रुपये लागतात. साबुदाणा वडे दोन, दह्याच्या चटणीसह ६० रुपये, खर्च २४. ताक २० रुपये, खर्च ८. मिसळ आणि वडे साधारण सारखेच जातात आणि दर चार बशांमागे एक ताक जाते. असे धरले तर बशीमागे सरासरी विक्री ७५ रुपयांची, सामान ३० रुपयांचे, आणि शिल्लक ४५ रुपये. १८,००० ला ४५ ने भागले, की ४०० हा आकडा येतो. पहिल्या चारशे बशा मंडपवाल्याच्या, टेम्पोवाल्याच्या आणि मदतनिसांच्या. आपली बशी चारशे एकावी. भाडे भरण्यापूर्वी हा आकडा प्रत्येकीने कागदावर काढलाच पाहिजे, कारण पहिली बशी विकली जाण्याआधीच अनामत व पहिल्या दिवसाचे सामान धरून सुमारे २४,००० रुपये घरातून बाहेर पडलेले असतात. चार घरांच्या बचतीतली ती रक्कम असते. ती परत येईल की नाही, हा प्रश्न गमतीचा नाही.

काही आयोजक ठरावीक भाड्याऐवजी विक्रीचा हिस्सा मागतात. समजा विक्रीच्या वीस टक्के मागितले, तर ७५ रुपयांच्या बशीवर १५ रुपये गेले. ९,००० रुपयांचे भाडे आणि हा हिस्सा ६०० बशांवर समान होतात. सहाशेहून कमी बशा जातील असे वाटत असेल तर हिस्सा देणे बरे. अधिक जातील अशी खात्री असेल तर ठोक भाडे बरे. नवख्या जागी पहिल्या वर्षी हिस्स्याची बोली सुरक्षित असते.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारून, शक्य तर लेखी घ्याव्यात. खाण्याचे एकूण स्टॉल किती आणि आपलाच पदार्थ दुसऱ्या कोणास दिला आहे काय. शेगडी पेटविण्यास परवानगी आहे काय. पाणी कोठून मिळेल. आणि ओला-सुका कचरा कोठे द्यावयाचा. आपल्या इंदुरात शेवटचा प्रश्न विसरून चालत नाही. अनामत अडकते ती बहुधा तिथेच. गॅसची टाकी व्यापारी वापराची, १९ किलोची घ्यावी; घरगुती टाकी अशा ठिकाणी वापरणे नियमात बसत नाही. तसेच अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार तात्पुरता स्टॉल लावणाऱ्यासही नोंदणी घ्यावी लागते. ती वेळेवर करून तिची प्रत स्टॉलवर लावावी.

कोपऱ्याच्या जागेस दीड हजार अधिक का द्यावे, असे कोणी विचारील. १,५०० रुपये म्हणजे सुमारे चौतीस बशा. कोपऱ्याचा स्टॉल दोन बाजूंनी उघडा असतो. एका बाजूने पैसे घ्यावेत व दुसऱ्या बाजूने बशी द्यावी, म्हणजे पैसे देणारा आणि बशीची वाट पाहणारा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्या चौतीस बशा एकाच संध्याकाळी वसूल होतात. उलट, प्रवेशद्वारालगतच्या जागेचा मोह धरू नये. माणसे आत येताच खात नाहीत. एक फेरी मारतात, पाय दुखले की खातात. जेथे बसावयास बाके आहेत, त्या बाजूची जागा खाण्याच्या स्टॉलला अधिक लाभते.

तीनच पदार्थ, आणि तेच का

पहिल्यांदा स्टॉल घेणाऱ्या भगिनीची यादी नेहमी लांब असते. थालीपीठ, कोथिंबीर वडी, मिसळ, वडे, खिचडी, पुरणपोळी, काही राहावयास नको असे तिला वाटते. ही यादी चवीच्या कसोटीवर न लावता घड्याळाच्या कसोटीवर लावावी.

थालीपिठाचे पाहा. मंद आचेवर खरपूस थालीपीठ व्हावयास पाच-सहा मिनिटे लागतात आणि एका तव्यावर एकच मावते. दोन तवे ठेवले तरी तासाला वीस थालीपिठे, म्हणजे गर्दीच्या दोन तासांत चाळीस. चाळीस माणसांना तृप्त करून शंभर माणसांना ताटकळत ठेवणारा हा पदार्थ आहे. घरी तो राजा, स्टॉलवर तो अडसर. साबुदाण्याची खिचडी वेगाने देता येते. पण ज्या शहरात सराफ्यात रात्री खिचडीच्या गाड्या लागतात, तेथे तीच घेऊन उभे राहण्यात अर्थ नाही. मिसळ मात्र पातेल्यातून बशीत येते. उसळ, शेव-फरसाण, रस्सा, कांदा, पाव, अशा पाच हालचालींत वीस सेकंदांत तयार होते. आपल्या शहराला उसळ-पोह्यांची सवय असल्यामुळे तिची ओळखही फारशी करून द्यावी लागत नाही.

साबुदाणा वडा हा मधला पदार्थ आहे. तो नीट बेतला तरच चालतो. मोठ्या कढईत एका वेळी बारा वडे मावतात व सहा मिनिटांत तळले जातात, म्हणजे मिनिटास दोन. गर्दीच्या दोन तासांत वड्यांच्या एकशेवीस बशा जावयाच्या असतील, तर दोनशेचाळीस वडे लागतील, म्हणजे नेमके मिनिटास दोन. कागदावर हे जुळते. परंतु माणसे मिनिटाला एक अशी शिस्तीने येत नाहीत, घोळक्याने येतात. म्हणून साडेपाच ते सात या निवांत वेळात वडे फिकट रंगावर अर्धे तळून चाळणीवर पसरून ठेवावेत. मागणी आली की कडकडीत तेलात दीड-दोन मिनिटांत ते सोनेरी व कुरकुरीत होतात. कढईची शक्ती यामुळे तिप्पट होते. अर्धे तळलेले वडे एकावर एक रचू नयेत. वाफेने ओले होतात आणि दुसऱ्या तळणीत तेल पितात.

वडा फुटला तर रांग थांबते, तेल उडते आणि तळणारीच्या हाताला भाजते. फुटण्याचे कारण बहुधा ओलावा असते. साबुदाणा धुऊन, त्याच्या वर जेमतेम येईल एवढेच पाणी ठेवून चार-पाच तास भिजवावा. दाणा दोन बोटांत दाबला असता मध्ये कण लागू नये आणि बोटांना पाणीही सुटू नये. एक किलो साबुदाणा, किलोभर उकडलेले बटाटे व अर्धा किलो दाण्याचे कूट यांत पन्नास ग्रॅम वजनाचे साठ ते पासष्ट वडे होतात. सर्व मिश्रण एकदम मळून ठेवू नये. मीठ पडले की बटाट्याला व मिरचीला पाणी सुटते आणि तासाभरात गोळा सैल होतो. एकेका किलोचे मिश्रण लागेल तसे मळावे व मीठ त्याच वेळी घालावे. प्रत्येक घाण्याआधी एक लहान गोळी तेलात सोडून पाहावी: ती तळाशी बसली तर तेल थंड आहे, लगेच काळवंडली तर फार तापले आहे, बुडबुड्यांसह सावकाश वर आली तर योग्य.

मिसळीची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. बशीस चाळीस ग्रॅम कोरडी मटकी धरावी. दीडशे बशांना सहा किलो. डिसेंबरच्या थंडीत मोड यावयास वेळ लागतो. दहा-बारा तास भिजवून, फडक्यात बांधून, स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात पुरा एक दिवस ठेवावी. स्टॉलवर उसळ आणि रस्सा वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवून दोन्ही सतत वाफाळती राहतील अशी आच ठेवावी. तिखट तर्री तिसऱ्या, लहान भांड्यात असावी. ज्याला हवी त्याला ती वरून घालता येते, आणि ‘तिखट कमी’ या मागणीसाठी वेगळा रस्सा करावा लागत नाही.

किती माल न्यावा, याचाही एक नियम आहे. उरलेली बशी तीस रुपये बुडविते. माल संपल्यामुळे परत गेलेले गिऱ्हाईक पंचेचाळीस रुपये बुडविते. म्हणून माल किंचित जास्तच न्यावा, पण कच्च्या रूपात. मोडाची मटकी, भिजलेला साबुदाणा, फरसाण हे दुसऱ्या दिवशी चालते. शिजलेली उसळ व पाव चालत नाहीत. सव्वानऊ वाजता नवे पातेले चढविणे बंद करावे.

रांगेतील सेकंद

स्टॉल घेण्याच्या आदल्या वर्षी आम्ही अशाच एका मेळ्यात गिऱ्हाईक म्हणून हिंडलो आणि गर्दीच्या वेळी घड्याळ हातात धरून निरनिराळ्या स्टॉलपुढे उभ्या राहिलो. बहुतेक ठिकाणी एका माणसास सरासरी दीड मिनिट लागत होते. त्या नव्वद सेकंदांपैकी पस्तीस विचारण्यात व ठरविण्यात जात, तीस पैसे आणि सुटे यांत, आणि प्रत्यक्ष वाढण्यात केवळ पंचवीस. म्हणजे वेळ स्वयंपाकाने खाल्लेला नव्हता. तो बोलण्याने व सुट्या पैशांनी खाल्लेला होता.

नव्वद सेकंदांना एक माणूस, तर दोन तासांत ऐंशी माणसे. माणशी दीड बशी धरली तर १२० बशा. पंचेचाळीस सेकंदांना एक, तर एकशेसाठ माणसे व २४० बशा. उरलेल्या चार तासांत मिळून साठ बशा जातात. तेव्हा मंद रांगेच्या स्टॉलवर तीन दिवसांत ५४० बशा, आणि वेगवान रांगेच्या स्टॉलवर ९०० बशा. चारशेचा खर्चाचा आकडा वजा केला, की पहिल्यास ६,३०० रुपये उरतात आणि दुसऱ्यास २२,५००. भाडे तेच, मिसळ तीच, रांगही बाहेरून पाहता तेवढीच लांब. किंबहुना मंद स्टॉलची रांगच अधिक लांब व अधिक शोभिवंत दिसते. तिच्यातून किती जण कंटाळून निघून गेले, हे मोजावयास कोणी नसते.

विचारण्यातली पस्तीस सेकंदे फलकाने वाचतात. फलक टेबलाला लटकवू नये. पुढे उभ्या असलेल्या माणसांमुळे तो झाकला जातो. माणसाच्या डोक्याच्या वर, रांगेतल्या पाचव्या माणसास वाचता येईल अशा ठळक अक्षरांत तो लावावा, मराठीत आणि हिंदीत. आपल्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी तरी हिंदी बोलणारी असतात. ‘मिसळ’ शब्दाखाली ‘मोठ की उसल, सेव, रस्सा, दो पाव’ एवढी ओळ लिहिली, की ‘यह क्या है?’ हा प्रश्न संपतो. वड्याखाली ‘उपवासाचे : सैंधव मीठ, कढई वेगळी’ असे लिहावे, आणि अर्थातच तसेच वागावे. या भागात पुष्कळ घरी उपवासाला साधे मीठ चालत नाही, आणि हा प्रश्न दर चौथे माणूस विचारते. दोन मदतनिसांपैकी एकीने गर्दीच्या वेळी रांगेतल्या तिसऱ्या माणसाजवळ उभे राहून काय हवे ते विचारावे आणि एकूण रक्कम सांगून ठेवावी. ते माणूस गल्ल्याशी येईपर्यंत त्याच्या हातात पैसे तयार असतात.

पैसे घेऊन गल्ल्यावरून रंगीत टोकन द्यावे: मिसळीस पिवळे, वड्यास हिरवे, ताकास निळे. टोकन घेऊन गिऱ्हाईक कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूस जाते. तेथील भगिनीला एक शब्द ऐकावा लागत नाही. रंग पाहिला, की हात चालू होतो. पावांच्या जोड्या कागदात आधीच बांधून ठेवाव्यात, कांदा-लिंबाचे लहान द्रोण भरून ठेवावेत.

मिसळीला आणखी एक रीत आहे: दुसऱ्यांदा रस्सा मागावयाचा. तो नाकारू नये. रस्सा पुरविणे हा मिसळीचा धर्म आहे. परंतु रस्सा मागणारे माणूस बशी देण्याच्या जागी परत आले, की नव्या माणसाची वाट अडते. दुसऱ्या मदतनिसाने लहान पातेले व ओगराळे घेऊन बाकांच्या बाजूसच उभे राहावे. यात रस्साही फारसा जादा जात नाही, आणि गिऱ्हाईक तृप्त होऊन शेजाऱ्याला सांगते.

वेगालाही मर्यादा आहे, आणि ती कढईने घातलेली आहे. गल्ल्यावरची भगिनी भराभर हिरवी टोकने देत सुटली आणि वडे मागे पडले, तर रांग स्टॉलपुढून उठून बशीच्या बाजूस गोळा होते. तेथे माणसे रांगेत नसतात, घोळक्यात असतात. ‘आधी कोण’ यावरून वाद होतात. म्हणून दहाहून अधिक हिरवी टोकने बाहेर राहू देऊ नयेत. तळणारीने तेवढी झाल्याचे सांगताच गल्ल्यावरून ‘वड्यांना पाच मिनिटे, मिसळ तयार आहे’ असे स्पष्ट सांगावे. निम्मी माणसे मिसळ घेतात, उरलेली आनंदाने थांबतात. न सांगता थांबविलेला माणूस रागावतो, सांगून थांबविलेला रागावत नाही.

गल्ला

किमती ठरवितानाच सुट्या पैशांचा विचार करावा. मिसळ ७५ ठेवावी की ८०, असा वाद आमच्यातही झाला. पंचाहत्तर ठेवली की शंभराच्या नोटेस पंचवीस परत द्यावे लागतात, आणि पाचाची नाणी संध्याकाळी आठ वाजता कुठून आणावयाची? ८०, ६० आणि २० या तिन्ही किमती विसाच्या पटीत आहेत. शंभरातून परत द्यावयाचे ते वीस किंवा चाळीस. गल्ल्यात प्रामुख्याने विसाच्या नोटा असल्या की भागते. सुरुवातीस २,००० रुपयांचे सुटे ठेवावेत: विसाच्या पन्नास नोटा, दहाच्या वीस, पन्नासाच्या आठ आणि शंभराच्या चार. विसाच्या कोऱ्या नोटा बँकेतून चार दिवस आधी मागून ठेवाव्यात.

गल्ल्यावर एकच व्यक्ती बसावी, आणि तिने अन्नास हात लावू नये. हे स्वच्छतेसाठी तर आहेच, पण हिशेबासाठीही आहे. गिऱ्हाइकाने दिलेली नोट त्याचे सुटे परत देईपर्यंत पेटीत टाकू नये, समोर ठेवावी. ‘मी पाचशेची दिली होती’ हा वाद तेथल्या तेथे मिटतो. पेटीत पाच हजारांहून अधिक साचले, की मोजून लिफाफ्यात घालावे, वर रक्कम व वेळ लिहावी आणि घरच्या विश्वासू माणसाबरोबर तो घरी पाठवावा.

निम्म्याहून अधिक पैसे आता यूपीआयने येतात. त्यात सुट्यांची कटकट नाही. परंतु दुसऱ्या कटकटी आहेत. गिऱ्हाइकाच्या फोनवरील ‘पैसे गेले’ हे चित्र पुरावा मानू नये. आपल्या फोनवर नोंद येईल किंवा रक्कम बोलून दाखविणारी पेटी बोलेल, तेव्हाच टोकन द्यावे. क्यूआरचा फलक दररोज स्टॉल उघडताच स्वतः एक रुपया भरून तपासावा, म्हणजे त्यावर दुसऱ्याच कोणाचा कागद चिकटविलेला नाही याची खात्री होते. गर्दी वाढली की मंडपात फोनचे जाळे मंदावते. पेटी बोलावयास वेळ लागू लागला, की ‘तूर्त फक्त रोख’ ही पाटी बाहेर काढावी. एकेका भरण्यासाठी मिनिटभर थांबणे म्हणजे रांग पुन्हा नव्वद सेकंदांवर नेणे होय. सर्व रक्कम एकाच खात्यावर घ्यावी. चौघींच्या चार खात्यांवर आलेले पैसे रात्री जुळविताना मैत्रीवर ताण येतो.

रात्रीचा हिशेब टोकनांवरून होतो, म्हणून ती क्रमांक घातलेली असावीत. एका शुक्रवारचा हिशेब असा होता. पिवळी ११२, हिरवी ९७, निळी ५८. मिसळीचे ८,९६०, वड्यांचे ५,८२०, ताकाचे १,१६०. एकूण १५,९४० रुपये यावयास हवेत. यूपीआयने आलेले ९,२६०. पेटीत आणि लिफाफ्यात मिळून ८,६२०. त्यातून सकाळचे सुटे २,००० वजा जाता ६,६२०. दोन्ही मिळून १५,८८०. तूट साठ रुपयांची.

ही तूट स्वतःच बोलते. आपल्या किमती सर्व विसाच्या पटीत आहेत. तूट दहाची, तीसची किंवा पन्नासाची असती, तर सुटे देताना चूक झाली असा अर्थ. शंभराची किंवा चारशेची असती, तर नोट ओळखण्यात गफलत. साठ म्हणजे वड्याचे एक टोकन गेले आणि त्याचे पैसे आले नाहीत असा संभव अधिक. आप्तेष्ट भेटावयास येतात, मंडपाचा वीजवाला येतो, मदतनीस जेवतात. त्या बशा कोणत्यातरी टोकनावर जाणारच. त्यांच्यासाठी पांढरी टोकने वेगळी ठेवावीत आणि ती मोजावीत. मोकळ्या हाताने द्यावे, पण लिहून द्यावे.

शेवटी हाती काय आले

त्या प्रदर्शनात शुक्रवारी २०९, शनिवारी ३०५ आणि रविवारी ३३६ बशा गेल्या, एकूण ८५०. चारशे वजा जाता ४५० बशांचे, बशीस पंचेचाळीसप्रमाणे, २०,२५० रुपये उरले. चौघींत वाटता प्रत्येकीस पाच हजार साठच्या आसपास. पण काम तीन दिवसांचे नव्हते. मटकी भिजविण्यापासून भांडी परत घरी लावीपर्यंत पाच दिवसांचे होते. म्हणजे दिवसास हजार रुपये. हा आकडा ज्यांना थोडा वाटेल त्यांनी या वाटेस जाऊ नये, आणि ज्यांना पुरेसा वाटेल त्यांनी हेही पाहावे की, रांग दीड मिनिटाची राहिली असती तर तोच आकडा तीनशेच्या घरात आला असता, आणि रविवारी पाऊस आला असता तर काहीच उरले नसते.

ज्या भगिनी यंदा प्रथमच स्टॉल घेणार असतील, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या मेळ्यात संध्याकाळी सात वाजता जाऊन खाण्याच्या कोणत्याही स्टॉलपुढे अर्धा तास घड्याळ घेऊन उभे राहावे. मग घरी येऊन आपल्या पदार्थांची यादी पुन्हा एकदा वाचावी. त्यातले निम्मे पदार्थ आपोआप खोडले जातील, आणि उरतील तेच मंडपात न्यावयाचे.